ऑफर स्वीकारण्याआधी एक विनंती

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:०५
व्हॉट्सअ‍ॅप, एच.आर. विभागाच्या अनघा मॅडमना

नमस्कार मॅडम, मी केतकी भोसले, सातारा. उपसंपादक पदाचं ऑफर लेटर शुक्रवारी मिळालं, मनापासून आभार. पगार, पद, १ डिसेंबरला रुजू होणं, सगळं मला मान्य आहे. फक्त कामाच्या जागेबद्दल, म्हणजे आठवड्यातले काही दिवस घरून काम करण्याबद्दल, एक विनंती आहे. सही करण्याआधीच सांगितलेली बरी. फोनवर बोलू की मेल लिहू? आपल्याला जे सोयीचं असेल ते.

सकाळी १०:४०, अनघा मॅडम

नमस्कार केतकी, अभिनंदन! मेल करा, म्हणजे मला तो संपादक सरांना दाखवता येईल. नेमके कोणते दिवस, किती काळ, हे स्पष्ट लिहा. निर्णय त्यांच्या हातात आहे. लेटरवर उत्तराची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा आज-उद्या पाठवा.

सोमवार, १० नोव्हेंबर, रात्री ९:२०
ईमेल
विषय: उपसंपादक पद – आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात, तीन दिवस घरून काम करण्याची विनंती

आदरणीय अनघा मॅडम आणि संपादक सर,

सप्रेम नमस्कार.

शालेय पूरक पुस्तकांच्या विभागात उपसंपादक म्हणून माझी निवड केल्याबद्दल आभारी आहे. हे काम मला मनापासून करायचे आहे. म्हणूनच सही करण्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते.

मुलाखतीत सरांनी विचारले होते, "पुण्यात रोज यायला जमेल ना?" मी हो म्हटले होते. त्या दिवशी ते खरे होते. पुण्यात खोली घ्यायची, असे घरात ठरलेही होते. त्यानंतर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात वडिलांचे डायलिसिस सुरू झाले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी सात ते अकरा. मशीनवरून उतरल्यावर त्यांचा रक्तदाब खाली येतो, उभे राहिले की चक्कर येते. त्यांना धरून गाडीपर्यंत आणायला आणि गाडी चालवायला कोणीतरी लागते. आईला ते झेपत नाही आणि भाऊ बडोद्याला नोकरीला आहे. त्यामुळे तेव्हा दिलेला होकार आज जसाच्या तसा पाळता येणार नाही. हे रुजू झाल्यावर तुमच्या लक्षात यावे, असे मला नको होते.

माझी विनंती अशी आहे. सोमवार आणि बुधवार मी कार्यालयात येईन. मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार साताऱ्याहून, घरून काम करेन. सोमवारी आणि शुक्रवारी नेहमीची वेळ पाळेन, बुधवारीही तीच. मंगळवारी आणि गुरुवारी मात्र दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ अशी वेळ मिळावी. दवाखान्यात लॅपटॉप उघडून बसता येते, पण ते तास मी कामाचे म्हणून धरणार नाही. शेजारी वडील मशीनवर असताना मुद्रितशोधन नीट होत नाही आणि अर्धवट लक्षाने वाचलेले पान मला तुमच्याकडे पाठवायचे नाही.

येण्याजाण्याचे गणित मी गेल्या बुधवारी स्वतः करून पाहिले. साताऱ्याहून पावणेसहाची स्वारगेट विनाथांबा पकडली, खंबाटकीत थोडे थांबावे लागले, तरी सव्वाआठला स्वारगेटला उतरले. तिथून मेट्रोने शिवाजीनगर. नऊच्या आत तुमच्या इमारतीखाली पोहोचले होते. प्रवासाचा खर्च मी कंपनीकडे मागणार नाही.

कामाची विभागणीही मी विचार करून सुचवते आहे. संहिता तपासणे, भाषा सोपी करणे, स्वाध्याय लिहिणे आणि पहिले प्रूफ या गोष्टी घरून व्यवस्थित होतात. शेवटचे प्रूफ मात्र मी कागदावरच वाचते, ते सोमवारी किंवा बुधवारी कार्यालयात बसून वाचेन. जुन्या श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की काय काय निसटते, ते आपण जाणताच. माझ्या सध्याच्या कामात भूगोलाच्या एका पाठात "सह्याद्रीच्या दऱ्या"चे "सह्याद्रीच्या दर्या" झाले होते. पडद्यावर मी दोनदा वाचूनही ते माझ्या नजरेतून सुटले. कागदावर पट्टी ठेवून ओळ ओळ वाचताना सापडले. पाचवीच्या मुलाच्या हातात ते पुस्तक तसेच गेले असते.

पहिले दोन आठवडे, म्हणजे १ ते १२ डिसेंबर, मी पाचही दिवस कार्यालयात येईन. माणसे, पद्धत, शैलीपुस्तिका हे समोर बसूनच शिकले पाहिजे. तेवढ्यासाठी भावाने रजा काढली आहे. घरी फायबर इंटरनेट आहे, इन्व्हर्टर चार तास चालतो आणि महावितरणची वीज त्याहून जास्त वेळ जाणार असेल, तर शाहूपुरीतच मामांकडे बसायची सोय आहे.

ही व्यवस्था तीन महिने पाहावी आणि फेब्रुवारीअखेर आपण पुन्हा बोलावे, असे मला वाटते. पगारात बदलाची माझी काहीच अपेक्षा नाही.

आपल्या विभागाला हे चालणारे नसेल तर स्पष्ट कळवा, मी गैरसमज करून घेणार नाही. तसे असल्यास शुक्रवारच्या आत कळले तर पुढच्या उमेदवाराला विचारायला आपल्यालाही वेळ मिळेल. एकच अजून: वडिलांच्या आजाराची माहिती आपल्या दोघांपुरती राहावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
केतकी भोसले
शाहूपुरी, सातारा

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपारी ३:५०
ईमेल, संपादक सरांकडून

केतकी,

मेल वाचला. आधी वडिलांना माझा नमस्कार सांगा. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरच्यांना जड जातात, मी माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी पाहिले आहे. ही गोष्ट माझ्याकडून बाहेर जाणार नाही.

आता कामाचे. तत्त्वतः माझी हरकत नाही, पण तीन अडचणी आहेत. एक, आमची रोजची बैठक सकाळी दहाला असते, मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही त्यात नसाल. दोन, मार्च ते मे हा आमचा छपाईचा हंगाम. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पुस्तके दुकानात लागतात, तेव्हा दोन दिवसांवर भागणार नाही. तीन, विभागात आणखी चार जण आहेत आणि ते रोज येतात. तुम्हाला सवलत दिली, तर मला त्यांना काहीतरी सांगावे लागेल. यावर तुमचे काय म्हणणे आहे?

मंगळवार, ११ नोव्हेंबर, रात्री ८:१०
ईमेल

आदरणीय सर,

इतक्या लवकर आणि इतक्या आपुलकीने उत्तर दिलेत, आभारी आहे. नमस्कार बाबांना सांगितला. आजचे डायलिसिस नीट पार पडले.

बैठकीबद्दल: वेळ माझ्यासाठी बदलावी असे मी म्हणणार नाही, चार जणांची सकाळ एकासाठी हलवणे बरोबर नाही. सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी निघण्याआधी मी दुसऱ्या दिवशीच्या कामाची टिपणे आपल्याला देत जाईन: कोणती पाने माझ्याकडे आहेत, कुठे अडले आहे, कोणाकडून काय हवे आहे. बैठकीत माझ्याबद्दल जे ठरेल ते कोणीतरी दोन ओळींत लिहून ठेवले, तर साडेबाराला मी तिथूनच सुरुवात करेन. या वेळेचा एक उपयोगही आहे. मांडणीकार दुपारनंतर पाने सोडतात, असे आपण मुलाखतीत म्हणाला होता. त्या दोन दिवशी मी साडेआठपर्यंत बसणार असल्याने दुरुस्त्या त्याच रात्री परत जातील आणि सकाळी त्यांना पानासाठी थांबावे लागणार नाही.

छपाईच्या हंगामाबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण पटते. मार्च ते मे मी शुक्रवारीही येईन, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस. पुस्तक छापखान्यात जाण्याच्या आठवड्यात मंगळवार किंवा गुरुवार यावे लागले, तर चार दिवस आधी कळावे. चुलतभाऊ एखाद्या वेळी बाबांना न्यायला तयार आहे, पण तो रिक्षा चालवतो, त्याचा दिवसाचा धंदा बुडतो. म्हणून ते अगदी गरजेपुरतेच मागेन.

सहकाऱ्यांचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "घरगुती कारणामुळे, ठरावीक मुदतीसाठी" एवढे आपण सांगावे. बाकीचे मी स्वतः, ओळख झाल्यावर, माझ्या शब्दांत सांगेन. रोज येणाऱ्यांवर एक भार नकळत पडतो, तोही मला माहीत आहे: अचानक आलेला लेखक, छापखान्याचा फोन, गठ्ठा उघडून नमुना प्रत तपासणे. त्याची भरपाई म्हणून संपूर्ण मालिकेची शब्दसूची आणि शुद्धलेखनाची एकवाक्यता माझ्याकडे द्यावी. ते चिकाटीचे काम आहे, सहसा कोणाला नको असते आणि घरून उत्तम होते.

यातले काही कमी-जास्त करायचे असेल तर जरूर सांगा. जे ठरेल ते ऑफर लेटरमध्ये दोन ओळींत यावे, एवढीच विनंती. त्यामागे अविश्वास नाही. उद्या आपल्या दोघांपैकी कोणाची जागा बदलली, तरी पुढच्या माणसाला काय ठरले होते ते कळावे.

आपली,
केतकी

गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपारी १२:१५
व्हॉट्सअ‍ॅप, अनघा मॅडम

केतकी, सरांनी मान्य केलं आहे. सोमवार-बुधवार कार्यालय, मार्च ते मे शुक्रवारही. २७ फेब्रुवारीला आढावा. मंगळवार-गुरुवारची वेळ तुम्ही लिहिलीत तशीच. शब्दसूची तुमच्याकडे, यावर सर विशेष खूश आहेत. सुधारित लेटर मेलवर पाठवलं आहे, एकदा वाचून घ्या.

दुपारी १:०५

मॅडम, आत्ताच दवाखान्यातून घरी आले आणि लेटर वाचलं. सगळं बरोबर आहे, फक्त तिसऱ्या कलमात "मंगळवार व गुरुवार"ऐवजी "मंगळवार व शुक्रवार" छापलं गेलंय. तेवढं दुरुस्त करून पाठवाल का? आलं की लगेच सही करून परत पाठवते.

दुपारी १:२०, अनघा मॅडम

केलं. तुमचं काम आजपासूनच सुरू झालं म्हणायचं 🙂

दुपारी १:४५

सही करून पाठवलं मॅडम. तुमचे आणि सरांचे मनापासून आभार. बाबांना लेटर वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. १ तारखेला साडेनऊला भेटते. येताना मूळ प्रमाणपत्रं आणि दोन फोटो आणायचे, अजून काही हवं असेल तर कळवा.