बॅटरी पंपाच्या पैशांबाबत: चॅटवरचा नकार आणि त्यानंतर पाठवलेला ई-मेल

दुकानाच्या नंबरवरचं बोलणं, १४ जुलै

प्राजक्ता: नमस्कार. बाबांनी २८ जूनला तुमच्याकडून बॅटरी पंप नेला होता. एक-दीड तासात बंद पडते. पैसे परत पाहिजेत.
दुकान: वापरलेला माल परत घेत नाही. बिलावर लिहिलेलं आहे.
प्राजक्ता: चारदाच वापरला हो. रोज कोठ्यावर चार्जिंगला लावतात. ३,४५० रुपये भरले आहेत.
दुकान: एकदा वापरला काय अन् चारदा काय. रिफंड नाही.
प्राजक्ता: मग बाबांनी काय करायचं? सोयाबीनमध्ये तण वाढून राहिलं.
दुकान: कंपनीले विचारा.
प्राजक्ता: हेच मला लेखी द्या. ई-मेलवर.

ई-मेल, १५ जुलै

विषय: २८ जूनला घेतलेला बॅटरी फवारणी पंप: पैसे परत करण्याबाबत आणि आज लगेच करता येण्यासारखं

प्राजक्ताताई, नमस्कार.

काल चॅटवर तुम्हाला जी उत्तरं गेली ती मीच लिहिली होती. दुकानात गर्दी होती, पण म्हणून तसं बोलायला नको होतं. तुम्ही अमरावतीला राहून बाबांच्या वावराची काळजी करता आणि मी तुम्हाला एका ओळीत वाटेला लावलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रामदासकाकांचीही मागतो. ते कित्येक वर्षांपासून आमच्याकडून बियाणं-खत नेतात.

आता मूळ गोष्ट. पंपाचे पूर्ण ३,४५० रुपये आज रोख परत देता येणार नाहीत. आमच्याकडे न वापरलेला, खोका शाबूत असलेला पंप सात दिवसांत आणला तर पूर्ण पैसे परत मिळतात. एकदा औषध भरलं की तो पंप मी दुसऱ्या कुणालाही विकत नाही. टाकीत, नळीत, नोझलमध्ये औषधाचा अंश राहतो आणि वरवर धुऊन तो जात नाही. २,४-डी सारखं तणनाशक मारलेला पंप कपाशीवर चालवला की पानं भेंडीच्या पानासारखी होतात, आणि हे नुकसान ज्याचं होईल त्याला कारणही समजत नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून वापरलेला पंप परत काउंटरवर ठेवायची माझी हिंमत होत नाही. कंपनीही वापरलेला अख्खा पंप माझ्याकडून घेत नाही. बॅटरी, मोटर आणि चार्जर हे तीन भाग मात्र सहा महिन्यांच्या आत बदलून देते. बिलावरच्या त्या ओळीमागे एवढं आहे. ते काल सांगायला पाहिजे होतं.

पण ती ओळ पुढे करून मला हात झटकता येत नाहीत, हेही सांगतो. माल मुळातच सदोष असेल तर "विकलेला माल परत नाही" असं छापून दुकानदाराची जबाबदारी संपत नाही. म्हणून आधी पंपात नेमका दोष कुठं आहे ते पाहू.

तुम्ही सांगितलं त्यावरून मला बॅटरीचा संशय आहे. या पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. ती पूर्ण भरलेली असली तर तीन-चार तास फवारणी व्हायला पाहिजे. काका पंप कोठ्यावर चार्जिंगला लावतात, आणि तिथली लाइन शेतीच्या फीडरवरची. कधी दिवसा येते, कधी रात्री, मध्येच जाते. या शिशाच्या बॅटरीला सलग सात-आठ तास वीज लागते. अर्धवट भरून, वापरून, तशीच ठेवली की ती हळूहळू ताकद गमावते. यात काकांची चूक नाही. पंप हातात देताना हे मीच समजावून सांगायला पाहिजे होतं. शक्यतो घरच्या लाइनवर, रात्रभर लावायला सांगा. दुसरी शक्यता जाळीची. विहिरीचं पाणी न गाळता भरलं की टाकीतली आणि नोझलमधली जाळी तुंबते, मोटरवर ताण येतो आणि बॅटरी लवकर उतरते. अर्थात बॅटरी कारखान्यातूनच कमजोर आली असेल, हेही होऊ शकते. मीटर लावून तपासल्याशिवाय मी काहीच ठाम म्हणणार नाही.

तण थांबणार नाही, म्हणून सगळ्यात आधी हे: दुकानात आमचा स्वतःचा एक पंप आहे, फक्त तणनाशकासाठी ठेवलेला. तो काकांनी आजच घेऊन जावा. भाडं नाही, डिपॉझिट नाही. त्यांना यायला जमत नसेल तर गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळीत मी ठेवून देतो, भाडं माझ्याकडे. तुमचा पंप मिळेपर्यंत तो त्यांच्याकडे राहू द्या. एक विनंती, त्या पंपानं कपाशीवर काही मारू नये.

तुमचा पंप दुकानात आला की त्याच दिवशी बॅटरी आणि चार्जर काकांसमोर तपासतो. बॅटरी खराब निघाली तर कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता माझ्या साठ्यातली नवीन लावून देतो, कंपनीशी मी पाहून घेईन. मोटर असेल तर तीन ते चार दिवस लागतील. नवीन भाग टाकूनही तीस दिवसांत पंप पुन्हा असाच बंद पडला, तर मात्र तो सदोष आहे असं मी मानेन आणि ३,४५० रुपये ज्या यूपीआयवरून आले त्यावरच परत करीन. हा ई-मेल त्यासाठी लेखी समजा.

काकांना हा पंपच नको असेल, मन उडालं असेल, तर तेही समजू शकतो. मग पंप मी ठेवून घेतो. टाकी आणि नळीचे ९०० रुपये वजा करून २,५५० रुपये काकांच्या खात्यावर जमा धरतो. त्यातून हातपंप घ्या, नाहीतर खरिपाचं खत, नाहीतर रब्बीला हरभऱ्याचं बियाणं. मुदत नाही. हातानंही आणि बॅटरीवरही चालणारा पंप ४,१०० रुपयांना आहे. लाइनचा भरवसा नसेल तर मला तो जास्त बरा वाटतो, कारण बॅटरी उतरली तरी दांडा मारून फवारणी पुरी करता येते. तो घ्यायचा तर वर १,५५० रुपये द्यावे लागतील, ते कपाशी विकल्यावर दिले तरी चालतील.

हे सगळं पाहूनही तुमचं समाधान झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर किंवा यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. बिलाची प्रत आणि हा ई-मेल सोबत लावा. तक्रार केली म्हणून काकांशी आमचं वागणं बदलणार नाही.

पंप आणण्याआधी तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवायला सांगा, हातात मोजे घालून. ते पाणी विहिरीजवळ किंवा ढोरांच्या टाक्याजवळ टाकू नये. चार्जर आणि बिल सोबत असू द्या. बिल सापडत नसेल तरी चालेल, माझ्या वहीत नोंद आहे.

मी आज रात्री आठपर्यंत दुकानात आहे, उद्या सकाळी नऊपासून. काकांनी फोन केला तरी चालेल, ई-मेलचं उत्तर द्यायची गरज नाही. तुमचा होकार येवो न येवो, तणनाशकाचा पंप मी बाजूला काढून चार्जिंगला लावला आहे.

आपला,
वसंत
कृषी सेवा केंद्र, दारव्हा