विषय: सीनियर इंजिनिअर (क्वालिटी) पदाची ऑफर, होकाराआधी काही प्रश्न

नमस्कार सर,

वाळूजच्या प्लांटचं ऑफर लेटर सोमवारी मिळालं, आभारी आहे. यायची मनापासून इच्छा आहे, म्हणूनच आधी स्पष्ट विचारतो, राग मानू नये. पगाराचं एचआरशी बोलणं झालंय. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मात्र तुमच्याकडेच आहेत.

सगळ्यात आधी टार्गेट. ग्राहकाकडचं रिजेक्शन वर्षात ४५० पीपीएमवरून १०० वर आणायचं, असं तुम्ही मुलाखतीत सांगितलंत. महिन्याला २ लाख शाफ्ट जातात, म्हणजे १०० पीपीएमला फक्त २० नग. ६० नगांचा एकच ट्रे ओव्हरसाइझ गेला तर त्या महिन्याचे ३०० पीपीएम तिथंच झाले. मग मोजणी महिन्याची की वर्षाच्या सरासरीची? फोर्जिंगमध्ये क्रॅक निघून नाकारलेला माल पुरवठादाराच्या खात्यात जातो की आपल्या? वॉरंटीत परत आलेले नग यातच धरणार का? ९.६० लाखांपैकी १.४४ लाख व्हेरिएबल आहे, ते याच आकड्यावर ठरणार असेल तर हे लेखी हवं.

दुसरं, माल थांबवायचा अधिकार. महिनाअखेरीला गाडी दारात उभी असताना लॉट संशयास्पद निघाला, तर होल्डवर माझी सही शेवटची का? की प्रॉडक्शन हेड डेव्हिएशनवर सोडू शकतात? गेल्या ३ महिन्यांत असे किती लॉट गेले? आणि मी रिपोर्ट प्लांट हेडना करणार की प्रॉडक्शन हेडना? आकडा माझ्या नावावर आणि गाडी सोडायचा हक्क दुसऱ्याकडे असला, तर कितीही धावपळ केली तरी १०० गाठता येणार नाहीत. माझा होकार मुख्यतः याच उत्तरावर आहे.

टीमबद्दल: ३ शिफ्टना मिळून ७ इन्स्पेक्टर म्हणालात. सुट्ट्या-रजा धरल्या तर शिफ्टला जेमतेम दोघं. त्यांच्यात कायम किती, कंत्राटी किती? सीएमएम चालवणारा एकच असेल तर तो रजेवर गेल्यावर काय करतात? या जागेवर २ वर्षांत किती जण आले-गेले आणि आधीचे का गेले, हेही सांगावं. ग्राहकाच्या किती तक्रारींचे ८डी सध्या उघडे आहेत?

चाकणला सॉर्टिंगसाठी महिन्यातून साधारण किती वेळा जावं लागतं, आणि त्या दिवसांची बदली सुट्टी मिळते का? पहिल्या ९० दिवसांत माझ्याकडून नेमकं काय झालेलं तुम्हाला पाहायचंय?

बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी ६ नंतर अर्धा तास दिलात तर फोनवर बोलू. त्याआधी शक्य असेल तर शॉप फ्लोअर आणि स्टँडर्ड रूम एकदा बघू द्यावी, सिडकोतून तासाभरात पोहोचतो. माझा नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे. शुक्रवारपर्यंत उत्तरं मिळाली तर शनिवारी होकार किंवा नकार नक्की कळवतो, आणि होकार असेल तर सोमवारी राजीनामा देतो.

आपला नम्र,
सीनियर इंजिनिअर (क्वालिटी) पदाचा उमेदवार
छत्रपती संभाजीनगर