आजचा प्रश्न: गीझर लावला की आरसीसीबी का पडते?

नमस्कार मंडळी. लातूरच्या एका ताई विचारतात, "बोअरचं पाणी आहे. गीझर चालू केला की पाचेक मिनिटांत घरातली लाइट जाते. काय करू?"

ताई, आधी बोर्डावर नक्की काय पडतं ते बघा. टेस्टचं बटण असलेला स्विच पडत असेल, तर करंट अर्थिंगकडे गळतोय. बहुतेक घरांत ही आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते.

गीझरचा प्लग काढा आणि त्याच सॉकेटला इस्त्री लावा. इस्त्री नीट चालली, तर दोष बहुधा गीझरमध्येच. बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर पांढरा, खडूसारखा थर बसतो. आतली उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंटवरची नळी तडकते, पाणी आत शिरतं.

पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. मेन बंद करून एलिमेंटच्या वायरी सोडवायच्या. दोन टोकांत २००० वॅटला साधारण २६ ओहम यायला हवेत. टोक आणि बॉडी यांत मीटरने काहीच दाखवायला नको. दाखवलं, तर एलिमेंट गेलं. कधी साध्या मीटरवर दोष दिसत नाही, तेव्हा ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायचा.

नवीन एलिमेंटसोबत गॅस्केट नवीनच घ्या. टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला. गरम नळातून सलग धार येईपर्यंत बटण दाबू नका, कोरडं एलिमेंट लगेच जळतं.

आणि कुणी "अर्थिंगची वायर काढून टाकू, पडणार नाही" म्हणालं, तर त्याला हात लावू देऊ नका. मग तो करंट अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून जाईल.