फोन निरोप

कोणासाठी: मोठे सर
दिनांक: २९ जुलै, सकाळी ११.४०
निरोप: उलट फोन करा. अर्जंट.
नाव: सांगितलं नाही. दोनदा विचारलं. "साहेबांना सांगा, आवाजावरून ओळखतील," म्हणाले. आवाज मी ऐकला, तुम्ही नाही, हे सांगेपर्यंत ते पुढे गेले होते.
नंबर: "त्यांच्याकडे आहे की!" एवढंच. लँडलाइनवर आला होता आणि डबड्यावरचा डिस्प्ले गेल्या आठवड्यापासून कोराच आहे. सेल आणायला पैसे मागितले होते, असो.

काम: १४३(१) ची नोटीस आलीय म्हणून घाबरलेत. ती बहुतेक वेळा रिटर्न तपासल्याची नुसती सूचना असते, असं मी सांगितलं. त्यावर "तुम्ही सीए आहात का?" मग मी गप्प बसले. सूचनेत रिफंड लिहिलाय की भरणा, ते विचारायचं राहिलं.

ओळख पटेल असं काही: पुरुष, साठीच्या पुढचे असावेत. बोलणं सातारा-कराडकडचं. मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आणि "अहो, आधी जेवून घ्या" असा बाईंचा आवाज. मला तीनदा "ताई" म्हणाले. गेल्या वर्षी आंब्याची पेटी पाठवली होती, हे आपणहून सांगितलं. पेटी पाठवणारे चौघे आहेत, मी रजिस्टर पाहिलं. त्यातले दोघे साताऱ्याचे.

फोन ठेवताना म्हणाले, "एकपर्यंत वाट बघतो, मग झोपतो." तेव्हा त्या दोघांना एकच्या आत लावून बघा. दोघांचे नंबर मागच्या बाजूला लिहिलेत.

– रिसेप्शन