प्लस-मायनस न लिहिलेला आकडा मी घेत नाही

बसा, बसा, पुढं या, एसीचा आवाज जरा जास्तच आहे. चहा नंतर, कुपवाड एमआयडीसीत चहा कुठं पळून जात नाही.

मघाशी तुम्ही सहाजणांनी ही एकच डॉवेल पिन मायक्रोमीटरनं मोजली, आकडे बोर्डावर आहेत, मिलिमीटरमध्ये: २५.००७, २५.००९, २५.००८, २५.००८, २५.०१०, २५.००७. पिन एक, मायक्रोमीटर एक, आकडे चार वेगळे. आणि मागच्या बाकावरच्यानं सरासरी काढून रिपोर्टात काय लिहिलंय बघा, २५.००८१६६७. अरे बाबा, मायक्रोमीटर एक मायक्रॉनच्या, म्हणजे ०.००१ मिलिमीटरच्या, खाली काही दाखवतच नाही, हे पुढचे सगळे आकडे कॅल्क्युलेटरनं दिलेत, पिननं नाही.

आता मला सांगा, ड्रॉइंगवर २५ प्लस-मायनस ०.०१० आहे, म्हणजे वरची लिमिट २५.०१०. तुम्ही नुसतं २५.००८ लिहून दिलं, तर पिन पास का फेल? सगळे म्हणाले पास. थांबा जरा.

हा आकडा किती हलू शकतो ते काढू, आज लेक्चर नाही, हिशोब. मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवर अनसर्टेन्टी १.२ मायक्रॉन, k=2 लिहिलंय, म्हणजे आकडा आधीच दुप्पट करून दिलाय, म्हणून अर्धी घ्यायची, ०.६. रिझोल्युशन १ मायक्रॉन, त्याचा अर्धा भागिले √३, म्हणजे ०.२९. रिपीटेबिलिटीसाठी मी काल याच पिनवर दहा रीडिंग घेतली, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.९ आलं. आणि टेंपरेचर. स्टील एका मीटरला दर डिग्रीला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, पिन आणि मायक्रोमीटर यांच्यात दोन डिग्रीपर्यंत फरक धरला तर २५ मिलिमीटरवर ०.५७५, तेही भागिले √३, ०.३३. हे चारही वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं, सरळ बेरीज करायची नाही, कारण चारी चुका एकाच वेळी एकाच बाजूला जायची शक्यता कमी. येतं १.१७, दुप्पट केलं की २.३ मायक्रॉन.

म्हणजे एकाच रीडिंगवर २५.००८ लिहिलं तर ते २५.००८ प्लस-मायनस ०.००२३, k=2, सुमारे ९५ टक्के खात्रीनं. वरचं टोक २५.०१०३. लिमिटच्या बाहेर, बरोबर? मग छातीठोकपणे पास कसं म्हणणार?

गंमत पुढं आहे. चार रीडिंग घेऊन सरासरी काढली आणि तीही २५.००८ आली, तर ०.९ भागिले √४, ०.४५ होतं, दुप्पट केलेलं एकूण २.३ वरून उतरून १.७ वर येतं, वरचं टोक २५.००९७, आता बिनधास्त पास. पिन तीच, आकडाही तोच, उत्तर मात्र बदललं. (आठ रीडिंग घेऊन त्यातली आवडती चार ठेवायची असला शहाणपणा कुणी केला तर मी मायक्रोमीटर काढून घेणार.)

आता हे का सांगतोय. पूर्वी मी एका ठिकाणी होतो तिथं असाच नुसता आकडा पाठवला, २५.००८. गिऱ्हाइकानं दुसरीकडं मोजलं, २५.०११ आलं. झालं, लॉट अडकला, मला फोन, साहेब तुम्ही खोटं लिहिता का ते. दोन दिवस भांडलो. नंतर हिशोब काढला, आमचं २.३ मायक्रॉन, त्यांचं २.५, आमचं वरचं टोक २५.०१०३ आणि त्यांचं खालचं २५.००८५, दोघंही एकमेकांत बसत होते, कुणीच चुकलेलं नव्हतं. रिपोर्टात एक ओळ असती तर भांडण झालंच नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते लग्नाच्या बैठकीत ठीक आहे, लॅबमध्ये नाही.

अजून एक, एरर आणि अनसर्टेन्टी एकच समजू नका. मायक्रोमीटर २ मायक्रॉन जास्त दाखवतो हे सर्टिफिकेटवर दिसलं तर ती एरर, ती वजा करायची आणि पुढं जायचं. वजा करूनही जी शंका उरते ती अनसर्टेन्टी. ती शून्य करता येत नाही, लिहिता येते. आणि ती लिहिली म्हणजे आपलं काम कच्चं असं बाहेरचे लोक म्हणतात, म्हणू दे, नुसता आकडा देणाऱ्यालाही ती असतेच, तो फक्त सांगत नाही.

आता उठा. बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, सांगलीतून बाइकवर आलेल्यांचे हात अजून गरम असतील, म्हणून पिन बोटात धरून बसायचं नाही, हातमोजे घाला, पिन आणि मायक्रोमीटर दोन्ही ग्रॅनाइट प्लेटवर वीस मिनिटं ठेवा, खोली २० डिग्रीवर आहे. मग चार-चार रीडिंग, आणि बोर्डावरचं पुसून नवा रिपोर्ट. प्लस-मायनस आणि k नसलेला कागद मी परत देणार, सही मागू नका. हो, आता चहा घ्या, तेवढ्यात वीस मिनिटं होतात.