पेपरात ठेवलेलं पत्र

फोंडा, शुक्रवार रात्र

प्रिय आई,

बोलायचं तर मला कोंकणीच सुचते आणि लिहायचं तर तू शिकवलेली मराठी. समोर बसून सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा ‘चहा टाकते’ म्हणून उठले. म्हणून हे लिहून सकाळच्या पेपरात घालते. तू वाचशील तेव्हा मी पणजीच्या बसमध्ये असेन.

चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधता बांधता मी स्टुलावरून उतरले आणि दार लावून घेतलं. पित्त झालंय म्हणाले. पित्त नव्हतं. छाती धडधडत होती, हात थरथरत होते, आता मरणारच असं वाटत होतं. जूनपासून हे चाललंय. कधी बसमध्ये, कधी ऑफिसात, बहुतेक पहाटे तीनला. ईसीजी काढला, थायरॉइड तपासला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, हे पॅनिक अ‍ॅटॅक आहेत, थेरपी घे.

उद्या अकराला पहिली वेळ आहे. एक बाई आहेत, मानसशास्त्र शिकलेल्या. दर शनिवारी पन्नास मिनिटं त्यांच्याशी बोलायचं. गोळ्या त्या देत नाहीत. लागल्याच तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील, मग बांबोळीच्या मनोरुग्णांच्या इस्पितळातही जाईन. बांबोळी म्हटलं की तू आवाज खाली आणतेस. मी एका मैत्रिणीबरोबर तिथे जाऊन आले आहे. ओपीडीत माणसं केसपेपर धरून बसतात, शुगरवाले बसतात तशीच.

तू आता हिशेब मांडायला बसशील, आपलं कुठे चुकलं म्हणून. नको मांडू. मला दुसरंच आठवतं. बाबा गेले त्या वर्षी तू रात्री घासलेली भांडी पुन्हा काढून घासायचीस. मी अंथरुणातून आवाज ऐकायचे. तुला झोप का येत नाही हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. बारा वर्षांची होते, पण विचारता आलं असतं.

म्हाळशेला प्रसाद लावायचा असेल तर लाव. मीठ-मिरच्या ओवाळ, मी गुपचूप उभी राहीन (तेवढा वेळ तरी तू मला निरखून बघतेस). पण फूल उजवं पडो की डावं, मी जाणार आहे.

मावशीला एवढ्यात सांगू नकोस. ती यातून लग्नाचा विषय काढील आणि मग तुलाच चार शब्द ऐकावे लागतील. पैशांची काळजी करू नकोस, पगारातून भागेल.

आणि तिथे मी काय बोलले ते विचारू नकोस. तुझ्याबद्दलही बोलेन, बाबांबद्दलही. त्याला चहाडी समजू नकोस. सांगण्यासारखं झालं की माझी मीच सांगेन.

दोनपर्यंत येते. अळसांद्याचं तोणाक कर आणि जेवायला थांब.

तुझी,
बाय