भवानी झाली, आता आत या

नमस्कार मंडळी. पाडव्याची गुढी उभारून, घरचं सगळं आवरून आमच्या खाणावळीच्या उद्घाटनाला वेळेवर आलात, मनापासून आभार.

आज आत ओल्या काजूची उसळ आहे. ती खाण्याआधी उभादांड्याच्या आमच्या काकींचे हात एकदा बघा, एवढीच विनंती. ओला काजू सोलताना चीक लागतो, बोटं भाजून निघतात. खोबरेल लावून, वर राख चोळून काकी रोज पहाटे सोलायला बसतात. या महिन्यात त्यांच्या बोटांची सालं दोनदा निघाली. शेकड्याचा भाव ऐकून मीही पूर्वी ‘महाग झाले हो’ म्हणायचे. आता म्हणवत नाही.

सोलकढीचं आगळ तुळस गावच्या दादांचं. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच लागला आणि त्यांचे अर्धे रतांबे झाडाखालीच कुजले. उरले त्यांचं आगळ त्यांनी केलं. व्यापारी दारात उभा असताना, ‘चेडवाक शब्द दिलंय’ म्हणून वीस बाटल्या माझ्यासाठी बाजूला ठेवल्या. तेव्हा या जागेला दारसुद्धा बसलं नव्हतं.

दादा, काकी, सगळ्यांदेखत सांगते. तुमचा माल तुमच्यासमोर मोजला जाईल आणि पैसे त्याच दिवशी हातात मिळतील. बाजार पडला म्हणून ठरलेला दर मी पाडणार नाही. ओले काजू संपले की फळ्यावरून उसळ पुसली जाईल. सुके भिजवून ओले म्हणून इथे कधी वाढले जाणार नाहीत.

आता आमची माणसं. नव्या बिडाच्या तव्यावर पहिल्या दिवशी एक घावणा सुटेना. मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या दिवशी वहिनी घरचा, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा तवा पिशवीत घालून घेऊन आल्या. आज चुलीवर तोच आहे. वाढायला असलेले दोघे भाऊ गोव्यातली नोकरी सोडून आलेत. तिथे पगार जास्त होता, हे मला माहीत आहे. त्यांची आठवड्याची सुट्टी मी चुकू देणार नाही. आणि आठ दिवस चव बघून ‘कढीत मीठ जास्त झालं’ असं तोंडावर सांगणाऱ्या शेजाऱ्यांचेही आभार, तुमच्यामुळे कढी सुधारली.

आजचं पहिलं गिऱ्हाईक मात्र सव्वासहालाच आलं. आम्ही तोरण बांधत होतो, तेवढ्यात एसटीचे चालक आणि वाहक दारात. चहा मिळेल का म्हणाले. उद्घाटन दहाला आहे, असं मी सांगणार तोवर वहिनींनी आधण ठेवलंसुद्धा. मी पैसे घेईना, तर वाहकदादा म्हणाले, ‘भवानी ती, नाय म्हणू नको.’ त्या दोन नोटा देवासमोर ठेवल्या आहेत.

चला, घावणे उतरतायत. काकी, दादा, तुम्ही पुढे व्हा, पहिलं पान तुमचं.